गेट रजिस्टर आणि जीआरएनमधले चार दिवस: ३१ मार्चला न नोंदलेल्या देण्यांचा एक शोध

पार्श्वभूमी

हे प्रकरण चाकण औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी मर्यादित कंपनीचे आहे. कंपनी वाहनउद्योगासाठी पत्र्याचे दाबकाम केलेले आणि वेल्डिंग केलेले सुटे भाग बनवते. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत, मात्र त्यांची परस्पर प्रमाणे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. आम्ही तिचे वैधानिक लेखापरीक्षक होतो आणि काम आर्थिक वर्ष २०२४-२५ चे होते.

उलाढाल सुमारे ६२ कोटी रुपये होती आणि आमच्या हाती आलेल्या कच्च्या हिशेबात करपूर्व नफा ३ कोटी १० लाख दिसत होता. त्यावरून एकूण हिशेबासाठी आम्ही मटेरियालिटी, म्हणजे जिच्यापुढची चूक वाचकाचा निर्णय बदलू शकते अशी रक्कम, १५ लाख ठरवली. प्रत्यक्ष तपासणीसाठी त्याहून खालची, १० लाखांची पातळी धरली. पुरवठादारांची देणी ७ कोटी ८४ लाख होती आणि त्याशिवाय ‘बिल न आलेली आवक’ या खात्यात ४६ लाख २० हजार जमा शिल्लक होती.

या दुसऱ्या खात्याचे काम नीट समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी ईआरपी प्रणाली सुरू केली होती. तिच्यात स्टोअरने माल आत घेतल्याची पावती, म्हणजे जीआरएन, केली की प्रणाली आपोआप साठा नावे टाकते आणि ‘बिल न आलेली आवक’ जमा करते. पुढे पुरवठादाराचे बिल आले आणि लेखा विभागाने ते त्याच जीआरएनशी जोडून नोंदवले, की ही जमा रक्कम पुसली जाते आणि पुरवठादाराच्या खात्यात देणे उभे राहते. त्यामुळे वर्षअखेरीस या खात्यात जी शिल्लक उरते, ती माल आला पण बिल नोंदले गेले नाही एवढ्याच व्यवहारांची असायला हवी. फायनान्स मॅनेजर पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, “साहेब, न नोंदलेल्या देण्यांची काळजी आता करू नका, प्रणाली स्वतःच तरतूद करते.” हे म्हणणे अर्धे खरे होते. प्रणाली जीआरएनपासून पुढे सगळे करत होती, पण जीआरएनच्या आधी काय घडते हे तिला माहीत नव्हते.

समस्या

नोंदलेले देणे खरे आहे का हे तपासणे तुलनेने सोपे असते, कारण हातात यादी असते. न नोंदलेले देणे यादीतच नसते, म्हणून पुरवठादारांच्या खतावणीतून कितीही मोठा नमुना काढला तरी ते सापडत नाही. त्यासाठी खतावणीच्या बाहेरून सुरुवात करून आत यावे लागते. बाहेरची दोन टोके आपल्याला उपलब्ध असतात. एका टोकाला पैसा बँकेतून बाहेर जातो आणि दुसऱ्या टोकाला माल फाटकातून आत येतो.

त्या वर्षीची दिनदर्शिकाही लक्षात घ्यायला हवी होती. ३० मार्च २०२५ ला रविवारी गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद. कारखाना दोन्ही दिवस बंद होता, आणि उत्पादन थांबलेले असल्यामुळे साठामोजणी ३१ मार्चलाच ठेवली होती. मोजणीसाठी तो दिवस सोयीचा खरा, पण त्याआधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी फाटकातून आत आलेला माल सुट्टीच्या पलीकडे जाऊन नोंदला जाण्याची शक्यताही त्यामुळेच वाढली होती. हा विचार आमच्या नियोजनात लेखी नव्हता.

पहिला टप्पा: वर्षानंतरची देयके

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही काम सुरू केले. देयक म्हणजे इथे बिल नव्हे, तर बँकेतून प्रत्यक्ष गेलेली रक्कम. कॅश क्रेडिट आणि चालू अशा दोन्ही खात्यांची १ एप्रिल ते १० जूनची बँक स्टेटमेंट थेट बँकेच्या प्रतीतून घेतली. कंपनीच्या देयकांच्या यादीवरून नमुना न काढण्याचे कारण साधे होते. जे देयक कोणत्या तरी चुकीच्या खात्यात किंवा थेट खर्चात गेले आहे, ते पुरवठादारांच्या देयकांच्या यादीत दिसणार नाही, पण बँकेतून पैसे गेल्याचे लपत नाही.

एक लाखाच्या वरची १४३ देयके होती आणि ती सगळी तपासली. त्याखालची काही निवडक पाहिली, त्यांत काही आढळले नाही. प्रत्येक देयकाला एकच प्रश्न विचारायचा होता: ज्या मालासाठी किंवा सेवेसाठी हे पैसे गेले, ती कंपनीला कधी मिळाली? बिलाची तारीख काय आणि बिल कधी नोंदले, हे त्या खालोखालचे प्रश्न. ९७ देयके ३१ मार्चच्या देण्यांत आधीच असलेल्या बिलांची होती. ३१ देयके एप्रिल-मेमध्ये आलेल्या मालाची होती आणि माल पोचल्याची चलाने तसे सांगत होती. ११ पगार, कर आणि कर्जाच्या हप्त्यांची होती. उरलेल्या चारांपैकी एक नव्या यंत्राचा एप्रिलमध्ये दिलेला आगाऊ पैसा निघाला आणि एक १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या विम्याचा हप्ता. शिल्लक राहिली दोन.

पहिले २३ एप्रिलचे ६,३९,९४० रुपयांचे देयक मालवाहतूकदाराचे होते. आमच्या आर्टिकल विद्यार्थिनीला ही रक्कम कुठल्याच बिलाशी जुळेना. पैसे देताना कापलेला दोन टक्के टीडीएस रकमेत पुन्हा जोडल्यावर ६ लाख ५३ हजारांचे, ८ एप्रिलचे बिल सापडले. ते एप्रिलमध्ये नोंदले होते आणि एप्रिलच्याच खर्चात होते. बिलामागे जोडलेल्या बिल्ट्या, म्हणजे प्रत्येक मालफेरीच्या पावत्या, तिने एकेक करून पाहिल्या, तर सगळ्या १६ ते ३१ मार्चच्या. वाहतूकदार दर पंधरवड्याचे एकत्र बिल करत असे, मार्चच्या पहिल्या पंधरवड्याचे बिल मार्चमध्ये आले होते आणि दुसऱ्याची तरतूद करायची राहिली होती. यात मतभेदाला जागा नव्हती.

दुसरे देयक डायच्या, म्हणजे पत्रा दाबण्याच्या साच्याच्या, दुरुस्तीचे २ लाख ९० हजारांचे होते आणि त्यावर मात्र चर्चा झाली. दुरुस्ती करणाऱ्या बाहेरच्या टूलरूमने डाय २२ मार्चला परत पाठवली, तिची चाचणी २९ मार्चला मंजूर झाली आणि बिल २ एप्रिलला निघाले. फायनान्स मॅनेजरांचे म्हणणे होते की बिलाच्या तारखेला देणे उभे राहते. आम्ही खरेदी ऑर्डर मागवली. तिच्यात चाचणी मंजूर झाल्यावर काम पूर्ण मानले जाईल असे स्पष्ट लिहिले होते आणि चाचणी अहवालावर २९ मार्चची सही होती. टूलरूमने आपले काम मार्चमध्येच संपवले होते, तेव्हा मोबदल्याची जबाबदारीही मार्चचीच होती. बिल हा त्या जबाबदारीचा कागद आहे, तिचे कारण नव्हे. चाचणी ३ एप्रिलला मंजूर झाली असती तर आमचे उत्तर वेगळे आले असते.

पहिला निर्णय: इथे थांबायचे का?

या टप्प्यावर सापडलेली एकूण चूक ९ लाख ४३ हजारांची होती, म्हणजे आमच्या १० लाखांच्या पातळीच्या किंचित आत. देयकांच्या एकूण रकमेचा मोठा भाग तपासून झाला होता आणि वेळ थोडा होता. संघातल्या एका सहकाऱ्याचे मत असे होते की दोन्ही चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि हा विषय मिटवावा.

मला ते पटले नाही, आणि त्याचे कारण रकमेत नसून तपासणीच्या रचनेत होते. १० जूनपर्यंतची देयके पाहिली की १० जूनपर्यंत ज्यांना पैसे मिळाले त्यांचीच देणी सापडतात. कंपनीच्या पोलाद पुरवठादारांची उधारी ९० दिवसांची होती. मार्चच्या अखेरीस आलेल्या कॉइलचे, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्यांचे, पैसे जूनच्या शेवटी जाणार होते. म्हणजे खरेदीचा सर्वांत मोठा गट या तपासणीच्या नजरेबाहेर होता, आणि कितीही देयके तपासली तरी तो आत येणार नव्हता. आमच्या १४३ देयकांत पोलादाची देयके होती, पण ती जानेवारी-फेब्रुवारीच्या मालाची होती आणि बिनचूक होती. त्यांच्या बिनचूकपणावरून मार्चअखेरच्या मालाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते.

पुढे जाण्याचे तीन मार्ग दिसत होते. देयकांची तपासणी जुलैपर्यंत लांबवता आली असती, पण संचालक मंडळाची बैठक त्याआधी होती. पुरवठादारांना पत्रे पाठवून शिल्लक कळवण्यास सांगता आले असते. ते आम्ही मर्यादित प्रमाणात केलेही. ३१ मार्चला ज्यांची शिल्लक शून्य किंवा नेहमीपेक्षा बरीच कमी दिसत होती अशा बारा जणांना पत्रे गेली, कारण या शोधात मोठ्या शिलकीपेक्षा संशयास्पदपणे लहान शिल्लक अधिक बोलकी असते. मात्र उत्तरे उशिरा येतात आणि सगळी येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबता येणार नव्हते. तिसरा मार्ग मालाच्या टोकाकडून येण्याचा होता, आणि तो आम्ही मुख्य मार्ग म्हणून निवडला.

दुसरा टप्पा: न जुळलेल्या जीआरएनची यादी

आम्ही लेखा विभागाकडे ३१ मार्चला बिलाशी न जुळलेल्या जीआरएनची यादी मागितली. आलेल्या यादीची बेरीज २५ लाखांच्या आसपास होती आणि खात्यात मात्र शिल्लक ४६ लाख २० हजार. हा फरक पाहून घाबरण्याचे कारण नव्हते, पण तो सोडून पुढे जाण्याचेही नव्हते. यादी जूनमध्ये काढली होती आणि प्रणाली जूनमध्ये जे अजून न जुळलेले आहे तेच दाखवत होती. ज्या जीआरएनची बिले एप्रिल-मेमध्ये आली, त्या यादीतून आपोआप गळाल्या होत्या. ‘अमुक तारखेची स्थिती’ हा पर्याय भरून यादी पुन्हा काढल्यावर ती खात्याशी पैशापैशाने जुळली. जी यादी खतावणीशी जुळत नाही तिच्यावर पुढचे काम करू नये, एवढी शिस्त आम्ही पाळली म्हणून हे कळले.

जुळलेल्या यादीत जमा बाजू ५२ लाख ६० हजारांची होती आणि नावे बाजू ६ लाख ४० हजारांची. नावे बाजूला माल येण्याआधीच नोंदलेली चार बिले होती. ती मार्गस्थ माल म्हणून वेगळी दाखवायला सांगितली आणि तो मुद्दा तिथेच संपला. जमा बाजूपैकी २८ लाख ५० हजार फेब्रुवारी-मार्चच्या जीआरएनचे होते, त्यांची बिले पुढे आली होती आणि दरही जुळत होते.

उरलेले २४ लाख १० हजार ऑक्टोबर ते डिसेंबरचे होते, म्हणजे तीन ते सहा महिने जुने. एवढा काळ कोणता पुरवठादार बिल न देता थांबतो? त्यातल्या २२ लाख ८० हजारांच्या जीआरएनचा माग काढला, तेव्हा पुरवठादारांनी बिले केव्हाच दिली होती आणि त्यांचे पैसेही मिळाले होते. नवी प्रणाली सुरू झाली तेव्हाच्या धांदलीत लेखा विभागाने ही बिले जीआरएनशी न जोडता थेट ‘कच्चा माल खप’ खात्यात नावे टाकली होती. माल एकदा जीआरएनने साठ्यात गेला, तिथून उत्पादनात जाऊन खर्च झाला, आणि तोच माल बिलाच्या नोंदीने पुन्हा खर्च झाला. ‘बिल न आलेली आवक’ खात्यातली जमा रक्कम मात्र कोणी पुसलीच नाही. म्हणजे आम्ही न नोंदलेली देणी शोधत होतो आणि हाती आली दुबार नोंदलेली. उरलेले १ लाख ३० हजार नाकारलेल्या मालाचे होते आणि त्यांचा डेबिट नोटचा वाद खरोखर चालू होता.

तिसरा टप्पा: फाटकापासून जीआरएनपर्यंत

न जुळलेल्या जीआरएनची यादी कितीही काटेकोर तपासली तरी तिच्यातही एक मर्यादा आहे. जी जीआरएन ३१ मार्चला झालीच नाही, ती या यादीत नसते. म्हणून आम्ही त्याच्याही मागे, सुरक्षारक्षकाच्या हातातल्या आवक रजिस्टरपर्यंत गेलो. हे रजिस्टर लेखा विभागाच्या ताब्यात नसते, त्यात क्रमांक आधीच छापलेले असतात आणि गाडी आत घेताना त्याच क्षणी नोंद होते. माल कधी आला याचा त्याहून सरळ पुरावा कारखान्यात दुसरा नसतो.

२४ ते ३१ मार्चच्या नोंदी घेतल्या. परत जाणारी साधने, ग्राहकाचा माल, कॅन्टीनचे सामान वगैरे वगळून प्रत्येक नोंदीसमोर जीआरएन क्रमांक आणि तारीख लिहीत गेलो. २७ मार्चपर्यंत सगळे व्यवस्थित होते. २८ आणि २९ मार्चच्या मिळून चौदा नोंदींच्या जीआरएन १ ते ३ एप्रिलच्या निघाल्या. जीएसटी सोडून त्यांची किंमत २७ लाख ३० हजार होती.

स्टोअरप्रमुखांना विचारले तेव्हा त्यांनी काहीही न लपवता सांगितले, “आमच्याकडे क्यूसीची सही झाल्याशिवाय जीआरएन निघतच नाही. तोवर माल प्रणालीत ‘तपासणीत’ म्हणून असतो. शनिवारी दुपारनंतर क्यूसीचं कोणी नव्हतं, मग पाडवा, मग ईद.” प्रणालीत ‘तपासणीत’ या अवस्थेला फक्त संख्या होती, रुपयांतली नोंद नव्हती. एरवी हा विलंब एका दिवसाचा असे, म्हणून तो कोणाला खटकला नाही. त्या आठवड्यात तो चार दिवसांचा झाला आणि वर्ष ओलांडून गेला.

तपासणी बाकी असताना देणे उभे राहते का, हा प्रश्न फायनान्स मॅनेजरांनी रास्तपणे विचारला. खरेदी ऑर्डरमध्ये दर ‘कारखान्यात पोच’ असे होते, मालाची जोखीम फाटकाच्या आत आल्यावर कंपनीची होती, विमाही तिचाच होता, आणि या पुरवठादारांचा माल नाकारला जाण्याचे वर्षभरातले प्रमाण नगण्य होते. अशा ठिकाणी गुणवत्ता तपासणी ही औपचारिक पायरी ठरते आणि माल नाकारलाच तर तो डेबिट नोटने परत जातो. यंत्राची चाचणी घेऊनच खरेदी पक्की होते, अशा व्यवहारात आम्ही याच्या उलट निष्कर्ष काढला असता.

दुसरीकडून पडताळा म्हणून मार्चचे जीएसटीआर-२बी विवरण घेतले. पुरवठादारांनी आपापल्या विवरणांत दाखवलेली बिले त्यात येतात आणि कंपनीला त्यांची तारीख किंवा रक्कम बदलता येत नाही. चौदापैकी अकरा बिले मार्चच्या विवरणात होती. तीन पुरवठादारांनी विवरण उशिरा भरल्याने ती एप्रिलच्या विवरणात आली. हे काम आम्ही आधी केले असते तर फाटकापर्यंत जाण्याची गरज लवकर कळली असती. तरीही हे विवरण एकटे पुरले नसते, कारण डाय-दुरुस्तीसारखी एप्रिलच्या तारखेची बिले मार्चच्या विवरणात येत नाहीत, आणि मार्चच्या तारखेचे पण अजून रस्त्यात असलेल्या मालाचे बिल मात्र त्यात येते.

नफ्यावर परिणाम किती?

न नोंदलेली खरेदी २७ लाख ३० हजार म्हणजे नफा तेवढाच फुगलेला, असे म्हणणे चूक ठरले असते. माल न नोंदता साठ्यातही न मोजला असेल तर साठा आणि देणी दोन्ही सारखीच कमी दिसतात आणि नफ्याला धक्का लागत नाही. देणे नोंदले नाही पण माल मोजला, तरच नफा फुगतो. म्हणून चौदा नोंदी साठामोजणीच्या कागदांशी एकेक करून लावून पाहिल्या.

पाच नोंदींचा, ७ लाख ७० हजारांचा माल म्हणजे नट, ब्रॅकेट असे लहान भाग होते. ते तपासणीच्या कुलूपबंद जाळीत होते आणि जाळीवर ‘मोजू नये’ अशी पाटी होती. ते मोजले गेले नव्हते. उरलेल्या नऊ नोंदी पोलादाच्या कॉइलच्या होत्या, सुमारे ३२ टन आणि १९ लाख ६० हजारांच्या. कॉइल जाळीत मावत नाही. क्रेनने ती थेट कॉइलच्या जागेवर उतरवतात आणि तिला ‘तपासणी बाकी’ची पिवळी चिठ्ठी अडकवतात. मोजणी करणाऱ्यांनी तिथे दिसलेली प्रत्येक कॉइल मोजली. पुस्तकापेक्षा साठा ३२ टनांनी जास्त भरला, आणि ‘मोजणीतली वाढ’ म्हणून तेवढी रक्कम साठ्यात नावे व खपात जमा झाली. १९ लाख ६० हजारांचा नफा असा तयार झाला होता.

या जागी आमची चूक स्पष्ट लिहायला हवी. ३१ मार्चच्या मोजणीला आमचा माणूस हजर होता. ३२ टनांची वाढ त्याने टिपली होती आणि ऑक्टोबरमध्ये प्रणाली बदलताना सुरुवातीचा साठा चुकीचा भरला गेला, हे स्टोअरचे स्पष्टीकरण स्वीकारून कागद बंद केला होता. पोलादाचा एकूण साठा साधारण ४०० टन होता. आठ टक्क्यांची वाढ सहा महिने कोणाच्या लक्षात न येता राहणे कठीण असते. शिवाय मे महिन्यात स्टोअरने कॉइल पुस्तकापेक्षा सुमारे ३२ टन कमी असल्याची तक्रार केली होती, कारण त्याच कॉइल एप्रिलमध्ये जीआरएनने दुसऱ्यांदा साठ्यात गेल्या होत्या. मार्चमध्ये जेवढी वाढ, मेमध्ये तेवढीच घट. हे दोन कागद शेजारी ठेवले असते तर उत्तर त्यातच होते, पण एक कागद आमच्याकडे होता आणि दुसरा त्यांच्याकडे.

दुसरा निर्णय: वजाबाकी करायची का?

आता सगळे आकडे समोर होते. वाहतूक ६ लाख ५३ हजार, डाय २ लाख ९० हजार आणि मोजलेल्या कॉइल १९ लाख ६० हजार, असा एकूण २९ लाख ३ हजारांनी नफा जास्त दिसत होता. दुबार खर्चामुळे तो २२ लाख ८० हजारांनी कमी दिसत होता. निव्वळ फरक ६ लाख २३ हजार. फायनान्स मॅनेजरांनी म्हटले की हा आकडा तुमच्या १५ लाखांच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेव्हा हिशेब आहे तसा ठेवून पुढच्या वर्षी दुरुस्ती करू. संचालकांनाही ते सोयीचे होते, कारण बँकेला कच्चे आकडे आधीच कळवले होते.

लेखापरीक्षण मानक ४५० नुसार प्रत्येक चुकीचा आधी स्वतंत्र विचार करावा लागतो. जी एकटीच मटेरियालिटीच्या वर आहे, ती दुसऱ्या उलट चुकीने भरून निघाली असे मानणे सहसा योग्य ठरत नाही. इथे १९ लाख ६० हजार आणि २२ लाख ८० हजार या दोन्ही चुका एकेकट्या १५ लाखांच्या वर होत्या. त्यांची कारणे वेगळी होती, त्या जवळपास सारख्या निघाल्या हा योगायोग होता, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा घडेल याची हमी नव्हती. देण्यांच्या बाजूनेही वजाबाकीने भागत नव्हते. २२ लाख ८० हजारांचे देणे कोणालाच द्यायचे नव्हते आणि २७ लाख ३० हजार ज्यांना द्यायचे होते त्यांची नावे ताळेबंदात नव्हती. त्या चौदा नोंदींच्या पुरवठादारांपैकी काही सूक्ष्म व लघु उद्योग होते. त्यांच्या देण्याचा कालावधी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे, पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर, माल पोचल्याच्या दिवसापासून मोजतात, जीआरएनच्या दिवसापासून नव्हे. ताळेबंदातली त्यांची वेगळी माहितीही त्यामुळे अपुरी राहिली असती.

कार्यवाही आणि परिणाम

हे सगळे एका पानावर मांडून आम्ही संचालकांना भेटलो. चर्चा दीड तास चालली. शेवटी त्यांनी सर्व नोंदी दुरुस्त करण्याचे मान्य केले. वाहतूक आणि डायची तरतूद झाली, चौदाही जीआरएनची देणी मार्चमध्ये घेतली गेली आणि त्यासमोर ७ लाख ७० हजारांचा जाळीतला माल साठ्यात आला, तर कॉइलसमोरची ‘मोजणीतली वाढ’ रद्द झाली. जुनी दुबार नोंद खपातून काढली. करपूर्व नफा ३ कोटी ३ लाख ७७ हजारांवर आला आणि देणी, जीएसटी सोडून, निव्वळ १३ लाख ९३ हजारांनी वाढली. बँकेला सुधारित आकडे कंपनीने स्वतः कळवले. बारा पत्रांपैकी सात उत्तरे आली. त्यांतली दोन आम्हाला आधीच सापडलेल्या कॉइलची होती, नवे काही निघाले नाही.

प्रणालीतही एक बदल झाला. फाटकावरची नोंद झाली की माल ‘तपासणीत’ या अवस्थेतच रुपयांसह साठ्यात आणि ‘बिल न आलेली आवक’ खात्यात जातो, आणि क्यूसीच्या सहीने तो फक्त एका साठ्यातून दुसऱ्यात हलतो. नव्वद दिवसांपेक्षा जुनी न जुळलेली प्रत्येक जीआरएन दर महिन्याला फायनान्स मॅनेजरांच्या सहीसाठी येते. बिल जीआरएनशी न जोडता थेट खपात टाकण्याची सोय मात्र बंद करता आली नाही. काही सेवांसाठी ती लागते असे लेखा विभागाचे म्हणणे आहे, आणि तो धोका अजून तिथे आहे.

वेगळे काय करता आले असते

आमच्या साठामोजणीच्या कागदावर शेवटच्या जीआरएनचा क्रमांक लिहिण्याची जागा होती, शेवटच्या गेट नोंदीचा क्रमांक लिहिण्याची नव्हती. दोन्ही क्रमांक ३१ मार्चला टिपले असते तर त्यांच्यामधली चौदा नोंदींची दरी त्याच संध्याकाळी दिसली असती आणि पिवळ्या चिठ्ठ्यांच्या कॉइल तिथल्या तिथे वेगळ्या मोजता आल्या असत्या. ती जागा आता कागदावर छापली आहे.

देयकांची तपासणी आम्ही आता आधी उधारीच्या मुदतीनुसार पुरवठादारांचे गट पाडून करतो. ज्या गटाला तपासणीच्या तारखेपर्यंत पैसे मिळणारच नाहीत, तो गट देयकांच्या भरवशावर न सोडता थेट गेट रजिस्टर आणि जीएसटीआर-२बीकडे वळवतो. त्यामुळे देयकांचा नमुना लहान होतो. वाहतूक, कंत्राटी कामगार, वीज, दुरुस्ती अशा ज्या सेवांना फाटकावर नोंदच नसते, त्यांच्यासाठी वर्षानंतरच्या देयकांना आणि नंतर नोंदलेल्या बिलांना आजही दुसरा पर्याय सापडलेला नाही. तिथे आम्ही नमुना लहान न करता उलट एक लाखाची मर्यादा पन्नास हजारांवर आणली आहे.

डाय-दुरुस्तीबाबत टूलरूमच्या मालकांशी नंतर बोलणे झाले. चाचणीच्या मंजुरीचा कागद त्यांच्यापर्यंत चार दिवसांनी पोचला होता, म्हणून बिल २ एप्रिलला निघाले. आता मंजुरी झाली की त्याच दिवशी चाचणी अहवालाची प्रत लेखा विभागाकडेही जाते.